स्क्रिप्ट म्हणते ६,८४० लिस्टिंग दुबार, मामा म्हणतात शक्यच नाही

रविवारपेठी | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, जरा मदत हवी आहे.

मामांचं भांड्यांचं दुकान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी. सहा वर्षांपासून ऑनलाइनही माल विकतो. कॅटलॉग आता ४२,३१७ ओळींचा झालाय आणि तो आजवर तीन वेगवेगळ्या मुलांनी भरलाय. शीर्षकं कुठे मराठीत, कुठे इंग्रजीत, कुठे दोन्हीत. ज्या साइटवर विकतो त्यांचा मेल आला की रिकामे रकाने, दुबार लिस्टिंग आणि धोरणात न बसणारा मजकूर महिनाअखेरपर्यंत नीट करा, नाहीतर लिस्टिंग दिसेनाशा होतील.

मी नोकरी सांभाळून थोडं पायथॉन करतो, म्हणून स्क्रिप्ट लिहिली. शीर्षकातली विरामचिन्हं काढून टाकायची, मग शीर्षक किंवा बारकोड जुळला तर दुबार, असा साधा हिशोब. उत्तर आलं ६,८४०. रिकामे रकाने जवळजवळ नाहीतच, "उत्पादनाचा देश" तर ९६ टक्के भरलेला. धोरणाच्या शब्दयादीत १,९०० च्या वर ओळी अडकल्या.

दुबार ओळी एका झटक्यात बंद करणार होतो, पण मामांनी यादीचं पहिलं पान छापून मागितलं. चष्मा लावून दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाले, "डबा आणि डबी एकच असती तर मी चाळीस वर्षं काय विकत होतो?"

यादीत खरोखरच "स्टील डबा, गोल" आणि "स्टील डबी, गोल" एकमेकांचे दुबार म्हणून आलेत. कारण समजत नाहीये.

एक्सेलबहाद्दर | सोमवार, रात्री ११:३२

पायथॉन कशाला? ४२ हजार ओळी एक्सेलमध्ये आरामात मावतात, दहा लाखांच्या वर ओळी घेतं ते. डेटा टॅबमध्ये रिमूव्ह डुप्लिकेट्स, काम तमाम. आणि शीर्षकं तंतोतंत जुळत नसतील तर फझी मॅचिंग लाव. ९० टक्क्यांच्या वर साम्य आलं की दुबार धरायचं. आमच्या ऑफिसात ग्राहकांच्या नावांना हेच करतो.

अण्णा_बिबवेवाडी | मंगळवार, सकाळी ६:०५

विषय वाचून आनंद झाला. आमच्या सोसायटीच्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्येही हाच घोळ आहे. एकाच पुस्तकाची तीन कार्डं, दोन प्रती कुणी नेल्या त्याचा पत्ता नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये लेखकाचं आडनाव आधी घेतलंय की नाव?

जुनाकोथरूडकर | मंगळवार, सकाळी ९:१८

अण्णा, इथे पातेली आहेत, पुस्तकं नाहीत. पण दुखणं एकच म्हणा हवं तर.

रविवारपेठी, विरामचिन्हं काढायची ओळ नक्की काय लिहिली आहे ते टाका. मला संशय आहे, पण आधी बघतो.

रविवारपेठी | मंगळवार, सकाळी ९:४०

ही घ्या. नेटवर कुठेतरी सापडली होती, इंग्रजी शीर्षकांवर मस्त चालते:

```python
t = re.sub(r"[^\w\s]", "", t)
```

जुनाकोथरूडकर | मंगळवार, सकाळी १०:२५

वाटलंच होतं.

पायथॉनच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. आपली काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचं चिन्ह ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, "चिन्हं" आहेत. त्यांचा गट वेगळा. त्यामुळे तुमची ओळ स्वल्पविरामासोबत सगळ्या मात्राही झाडून टाकते. स्वतः चालवून बघा:

```python
re.sub(r"[^\w\s]", "", "स्टील डबी, गोल")
# 'सटल डब गल'
```

"स्टील डबा, गोल" चंही तेच होतं, "सटल डब गल". पातेलं, पातेली, पातेले सगळे "पतल". पळी आणि पोळी दोन्ही "पळ". मराठीतून मात्रा काढल्या की निम्मं स्वयंपाकघर एकच भांडं होतं. शीर्षक इंग्रजी असेल तिथे काहीच बिघडत नाही, म्हणून चाचणी घेताना तुम्हाला दिसलं नसणार.

यावर सोपा उपाय म्हणजे `\w` वर विसंबायचं नाही, प्रत्येक चिन्हाचा युनिकोड गट विचारायचा. गटाचं पहिलं अक्षर L, M किंवा N, म्हणजे अक्षर, मात्रेसारखं चिन्ह किंवा अंक असेल तर ठेवायचं, बाकीच्या जागी मोकळी जागा. `re` ऐवजी `regex` नावाचं वेगळं पॅकेज आहे, त्याचं `\w` मात्रांनाही शब्दाचा भाग धरतं. पण मला गट विचारणं जास्त आवडतं, काय ठेवलं आणि काय काढलं ते डोळ्यांना दिसतं.

आता एक्सेलबहाद्दर यांच्या मुद्द्याकडे. फझीचा सल्ला माणसांच्या नावांना ठीक आहे, भांड्यांना घातक. "ॲल्युमिनियम कढई जाड बुडाची २ लिटर" आणि "ॲल्युमिनियम कढई जाड बुडाची ३ लिटर" यांत एका अंकाचा फरक आहे. साम्य ९५ च्या वर जाईल आणि दोन वेगळ्या मापांची कढई तुम्ही एक ठरवाल. गिऱ्हाईक मात्र त्या एका अंकासाठीच लिस्टिंग उघडतं. अंक आणि एकक आधी शीर्षकातून वेगळे काढायचे, ते तंतोतंत जुळले तरच उरलेल्या शब्दांचं साम्य बघायचं.

एक्सेलबहाद्दर | मंगळवार, सकाळी ११:०२

अंकांचं मान्य. पण मग ६,८४० मधले सगळेच मात्रांमुळे का? बारकोडवरचे तर खरे असतील ना. बारकोड खोटं बोलत नाही.

रविवारपेठी | मंगळवार, दुपारी १:१५

मात्रांचं चालवून बघितलं. डोकं धरून बसलो होतो.

पण बहाद्दर म्हणतात ते खरं आहे, ६,८४० मधले चार हजारांच्या वर बारकोडवरून आलेत. एक गट तर ५७४ ओळींचा आहे, सगळ्यांचा बारकोड 8901230000000. त्यात कुकर आहे, चहाची गाळणी आहे, मसाल्याचा डबा आहे.

स्नेहल_कर्वेनगर | मंगळवार, दुपारी १:५०

दादा, ती फाइल मधे कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली आहे. पैजेवर सांगते.

मी चार वर्षं कॅटलॉगचंच काम केलंय, हे दर महिन्याला बघायचे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की तेरा अंकी बारकोड त्याला मोठी संख्या वाटते आणि तो 8.90123E+12 असा दाखवतो. तोवर ठीक आहे, आत खरा आकडा असतो. पण परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की जे दिसतंय तेच लिहिलं जातं. पहिले सहा अंक उरतात, मागचे सात कायमचे गेले. मग तुमची स्क्रिप्ट त्याला संख्या म्हणून वाचते आणि 8901230000000 करते. आपल्याकडचे बहुतेक बारकोड 890 ने सुरू होतात, त्यामुळे पुढचे तीन अंक सारखे असलेला सगळा माल एका ढिगात.

फाइल अशी वाचा, म्हणजे निदान दुखणं लपणार नाही:

```python
df = pd.read_csv("maal.csv", dtype=str, keep_default_na=False)
```

आता रकान्यात "8.90123E+12" असं अक्षरशः दिसेल. पण हरवलेले अंक यातून परत येणार नाहीत. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून किंवा जुन्या फाइलमधून आणावे लागतील.

रविवारपेठी | मंगळवार, दुपारी २:२०

ताई, पैज जिंकलात. दिवाळीत भाव बदलायला फाइल एक्सेलमध्ये उघडली होती. कुणी, ते विचारू नका (मीच).

बिलिंगमध्ये खरे बारकोड आहेत. आज रात्री एसकेयू क्रमांकावरून जोडून घेतो.

जुनाकोथरूडकर | मंगळवार, दुपारी ३:०५

जोडल्यावर चेक डिजिट तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. तेरापैकी शेवटचा अंक आधीच्या बारांवरून ठरतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक तसेच घ्यायचे, दुसरा, चौथा, सहावा तिपटीने, आणि सगळ्यांच्या बेरजेला दहाच्या पुढच्या पटीत न्यायला जे लागेल तो शेवटचा अंक. 8901230000000 ला लावून बघा. पहिल्या गटात ८ + ० + २ = १०, दुसऱ्यात ९ + १ + ३ = १३, त्याची तिप्पट ३९. बेरीज ४९, म्हणजे शेवटी १ हवा आणि आहे ०. बारकोड मोडलेला आहे हे दुबार शोधण्याआधीच कळलं असतं.

मात्र बहाद्दर म्हणतात तसं "बारकोड खोटं बोलत नाही" यावर जाऊ नका. घाईत रकाना भरायचा म्हणून लोक 8901234567890 ठोकतात. त्याची बेरीज करा, २८ आणि १०२, एकूण १३०. शेवटचा अंक ० हवा, आणि तो ० च आहे. म्हणजे उघड बनावट बारकोड तपासणीतून ताठ मानेने पास होतो. तो वेगळा शोधावा लागतो.

रविवारपेठी | मंगळवार, दुपारी ३:१२

काका, आत्ता शोधला. ८८ ओळी. 🙏

पैठणीवाली | मंगळवार, दुपारी ४:३०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? मी हातमागाच्या साड्या विकते. प्रत्येक नग एकच असतो. "पैठणी, मोरबांगडी काठ, राणी रंग" अशा माझ्या अकरा लिस्टिंग आहेत आणि त्या अकराही वेगळ्या साड्या आहेत, वेगळ्या विणकरांच्या. बारकोड नाहीच. साइटने मागच्या महिन्यात त्यातल्या नऊ दुबार म्हणून लपवल्या. शीर्षकात काय घालू म्हणजे सुटेन?

स्नेहल_कर्वेनगर | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

ताई, शीर्षकात उगाच विशेषणं घालून वेगळेपण आणू नका, तो दुसऱ्याच नियमात अडकतो. प्रत्येक साडीला तुमचा स्वतःचा नग क्रमांक द्या आणि तो त्यासाठीच्या रकान्यात भरा. पदराचा, काठाचा जवळून काढलेला फोटो प्रत्येकीचा वेगळा असू द्या. बारकोड नसलेल्या मालाला सूट मागता येते का ते तुमच्या साइटच्या विक्रेता विभागात विचारा, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते.

जुनाकोथरूडकर | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

फोटोंवरून दुबार ओळखायचे प्रकार असतात, पण एकाच टेबलावर एकाच उजेडात काढलेल्या अकरा राणी रंगाच्या साड्या यंत्राला सारख्याच वाटणार. मला यावर खात्रीचं उत्तर ठाऊक नाही.

रविवारपेठी | बुधवार, सकाळी ७:४०

अपडेट. बारकोड जोडले, मात्रा वाचवल्या. दुबार ६,८४० वरून ५०२ वर आले.

पण आता उलटा घोळ. मामांनी दोन लिस्टिंग दाखवल्या, "ॲल्युमिनियम टोप ५ लिटर" आणि "अ‍ॅल्युमिनियम टोप ५ लिटर". एकच माल, दोनदा चढवलेला, एकाला बारकोड नाही. स्क्रिप्टला त्या वेगळ्या वाटतात. मला तर दोन्हींत फरकच दिसत नाही!

आणि दुसरं म्हणजे, फझी लावून बघितलं, रात्रभर चाललं तरी संपलं नाही.

जुनाकोथरूडकर | बुधवार, सकाळी ८:५०

फरक दिसणार नाहीच. एका मुलाच्या कीबोर्डवर "ॲ" हे एकच अक्षर होतं. दुसऱ्याने "अ" टाइप केला, त्याला चिकटवलं एक न दिसणारं जोडचिन्ह आणि वर चंद्र दिला. पडद्यावर जवळपास तेच, आत एकाऐवजी तीन अक्षरखुणा. तसाच दुसरा नग म्हणजे "सुऱ्या". काही जण त्यातला "ऱ" सरळ देतात, काही "र", हलन्त आणि तेच न दिसणारं जोडचिन्ह देतात.

युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, "र" खाली नुक्ता देऊन बनवलेला "ऱ" एकत्र करतं, पण वरचे दोन प्रकार तसेच सोडतं. ते हाताने लिहावे लागतात. अंकांचंही तसंच, ५ आणि 5 ही त्याच्या लेखी दोन वेगळी चिन्हं. मी वापरतो ते असं:

```python
import unicodedata as u

def saf(s):
    s = u.normalize("NFC", s)
    s = s.replace("र\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    s = s.replace("अ\u0945", "\u0972").replace("\u090d", "\u0972")
    out = ""
    for c in s.lower():
        g = u.category(c)
        if g == "Nd":
            out += str(u.digit(c))
        else:
            out += c if g[0] in "LMN" else " "
    return " ".join(out.split())
```

क्रम बदलू नका. जोडचिन्ह आधी काढून टाकलंत तर "र" चा "ऱ" करायची खूण हरवते. आणि काढलंच नाहीत तर शेवटच्या ओळीत त्याची मोकळी जागा होऊन शब्द मधोमध तुटतो. एक काळजी आणखी, दशांश चिन्हही इथे जातं. "1.5 लिटर" चं "1 5 लिटर" होईल. मापं याआधीच वेगळी काढली असतील तर हरकत नाही.

रात्रभर चालण्याचं कारण साधं आहे. ४२ हजार ओळींची प्रत्येकाशी प्रत्येक जोडी लावली की ८८ कोटींच्या वर जोड्या होतात. आधी प्रकार, धातू आणि माप यांवरून गट पाडा, आणि जोड्या फक्त गटाच्या आत लावा. समजा सातशे गट झाले, प्रत्येकी साठेक ओळींचे, तर सगळ्या मिळून बारा-साडेबारा लाख जोड्या. चहा पिऊन येईपर्यंत होतं. फक्त ज्यांचा धातूचा रकानाच रिकामा आहे त्या ओळी कुठल्याच गटात जात नाहीत, हे विसरू नका. म्हणून रिकामे रकाने आधी, दुबार नंतर.

एक्सेलबहाद्दर | बुधवार, सकाळी ९:३०

रिकामे तर त्याच्याकडे नाहीतच, ९६ टक्के भरलेत म्हणाला.

स्नेहल_कर्वेनगर | बुधवार, सकाळी १०:०५

त्या ९६ टक्क्यांवर माझा विश्वास नाही. सक्तीचा रकाना असला की मुलं काहीतरी भरून पुढे जातात. दादा, प्रत्येक रकान्यात सर्वात जास्त वेळा आलेली पहिली वीस मूल्यं काढा (`value_counts().head(20)`) आणि नुसती वाचा. स्क्रिप्टने ठरवू नका, डोळ्यांनी वाचा.

दुसरं, सगळ्या प्रकारांना एकच पट्टी लावू नका. ताटाला क्षमता लिटरमध्ये नसते, तिथे रिकामं असणं बरोबर आहे. कुठल्या प्रकाराला कुठला रकाना लागतो याचा वेगळा तक्ता करा. तो मामांकडून भरून घ्या, तुम्ही भरू नका.

रविवारपेठी | बुधवार, दुपारी १२:१५

वाचली. "उत्पादनाचा देश" मध्ये "-" ७,२१२ वेळा. "लागू नाही" १,९४०. "." ६०३. एका महाभागाने "पुणे" लिहिलंय, ३१२ वेळा.

जुनाकोथरूडकर | बुधवार, दुपारी १२:३०

"पुणे" चूक आहे असं म्हणायला मन धजत नाही.

स्नेहल_कर्वेनगर | बुधवार, दुपारी १:१०

😄 पण हा रकाना गमतीचा नाही. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे वैधमापन नियम आहेत, त्यात ऑनलाइन विक्रीसाठीची भर १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. एमआरपी, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता हे लिस्टिंगवरच दिसायला हवं. मूळ देश दाखवण्याचं बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे. "-" भरून साइटची तपासणी पास होईल, पण जबाबदारी विक्रेत्याचीच.

आणि सगळीकडे "भारत" भरून मोकळे होऊ नका. तुमच्याकडे काचेचे बाऊल, सिलिकॉनचे चमचे असतील, ते खोक्यावर बघूनच भरावे लागतील.

रविवारपेठी | बुधवार, रात्री १०:५०

आता शेवटचा डोंगर, धोरण. १,९०० ओळींत कितीतरी अगम्य आहेत. "हस्तिदंत" या शब्दावर २३० ओळी अडकल्या. आमच्याकडे हस्तिदंत कुठून येणार?

एक्सेलबहाद्दर | बुधवार, रात्री ११:०५

"हस्तिदंती रंगाचा डबा" असेल. शब्दयादीतून हस्तिदंत काढून टाक, झालं.

जुनाकोथरूडकर | गुरुवार, सकाळी ८:४०

निदान बरोबर, औषध चूक. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे, तो शब्द यादीत हवाच. फक्त कुठल्या रकान्यात शोधायचा ते ठरवा. रंगाच्या रकान्यात असेल तर सोडा, साहित्याच्या रकान्यात असेल तर तातडीने बघा. शीर्षकात असेल तर पुढचा शब्द "रंग" आहे का ते बघा. "शिसे" ने "शिसेविरहित" पकडलं असेल, "सुरी" ने "बासुरी" पकडली असेल. अर्धा शब्द जुळवू नका, पूर्ण शब्द जुळवा. मात्र `\b` वापरू नका, ते `\w` चंच भावंड आहे, मात्रेजवळ शब्द तोडतं. `saf` मधून आलेलं शीर्षक `split()` करा आणि शब्दांच्या यादीत शोधा. पण मग "हस्तिदंताचा", "हस्तिदंती" सुटतील, म्हणून विभक्तीची रूपं यादीत हाताने घाला. कंटाळवाणं आहे, पण याला बगल मला सापडलेली नाही.

स्नेहल_कर्वेनगर | गुरुवार, सकाळी १०:२०

भांड्यांत दोन गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या. एक, प्रेशर कुकर. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मानक IS 2347. प्रकार कुकर आणि परवाना क्रमांकाचा रकाना रिकामा, अशी ओळ सर्वात वर आणा. पण शीर्षकातल्या "कुकर" शब्दावर जाऊ नका, नाहीतर कुकरमध्ये ठेवायचे वरणभाताचे डबेही येतील. दोन, तांब्याच्या बाटल्यांची वर्णनं वाचा.

रविवारपेठी | गुरुवार, सकाळी ११:००

वाचली. "या बाटलीतील पाण्याने मधुमेह बरा होतो." ४१ ओळींत. कुणीतरी एकदा लिहिलं आणि सगळ्यांना चिकटवलं.

एक्सेलबहाद्दर | गुरुवार, सकाळी ११:१५

बापरे, हा तर १९५४ च्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींच्या कायद्याखाली सरळ गुन्हा!

स्नेहल_कर्वेनगर | गुरुवार, सकाळी ११:४०

त्या कायद्याच्या यादीत मधुमेह आहे हे खरं. तो बाटलीला लागतो का हे वकील सांगेल, मी नाही. पण आजार बरा होतो असा दावा साइट स्वतःच्या धोरणाखालीच अडवते, तेवढं आपल्याला पुरे. वाक्य काढा. इथे स्क्रिप्टला आजारांची नावं आणि "बरा", "बरे", "नाहीसा" असे शब्द एकाच वाक्यात आले तर दाखव, असं सांगा. नुसत्या "मधुमेह" वर "मधुमेहींसाठी साखरेचा छोटा चमचा" पण येईल.

रविवारपेठी | रविवार, रात्री ९:३०

चार दिवस घालवले. नवीन `saf` ने १४३ जोड्या सापडल्या ज्या आधी सुटल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच "ॲल्युमिनियम" च्या. एकूण ६४५ जोड्या मामांना छापून दिल्या. त्यांनी ३४ नाकारल्या. त्यात "तांब्या पितळी" आणि "पितळी तांब्या" ही जोडी होती. मी म्हटलं शब्द मागेपुढे झालेत, एकच आहे. ते म्हणाले, "एक तांबट आळीचा हातघडणीचा आहे, एक साच्यातला. वजन बघ." वजनाचा रकाना दोन्हीकडे रिकामा होता.

उरल्या ६११. स्क्रिप्ट आता काहीच बंद करत नाही, फक्त कारणासकट यादी देते. पण अडलोय ते इथे. १९ जोड्यांत जुन्या लिस्टिंगला गिऱ्हाइकांचे अभिप्राय भरपूर आहेत पण बारकोड बनावट, आणि नव्या लिस्टिंगला बारकोड खरा पण अभिप्राय शून्य. कुठली ठेवू?

स्नेहल_कर्वेनगर | रविवार, रात्री १०:०५

जुनी ठेवा, बारकोड दुरुस्त करायची विनंती टाका, ती मंजूर झाल्यावरच नवी बंद करा.

जुनाकोथरूडकर | रविवार, रात्री १०:२०

मी उलट सांगेन. बारकोड बदलायची विनंती केली की काही साइट जुनी लिस्टिंगच गोठवतात, मग दोन्ही गेल्या. आधी एकाच जोडीवर करून बघा, बाकी १८ आठवडाभर तशाच राहू द्या.

अण्णा_बिबवेवाडी | सोमवार, सकाळी ६:१०

सर्व वाचले. आमच्या ग्रंथालयात एका लेखकाचे नाव चार प्रकारे लिहिले आहे, त्यात एक "ऱ्ये" आहे. तो `saf` आमच्या संगणकावर बसवून द्यायला कुणी रविवारी येऊ शकेल का? चहा मिळेल.

रविवारपेठी | सोमवार, सकाळी ८:४५

येतो अण्णा. फक्त यादी आधी कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका.